कपड्याचा मास्क मॉडेलकडून काढणे आणि त्याच्या कडा तपासून दुरुस्त करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साड्या-ड्रेसचे फोटो ऑनलाइन दुकानांसाठी साफ करून देण्याचं आमचं काम. दुकानदार आणि आमच्याकडे नव्याने आलेली एडिटर मुलं फिरून फिरून जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. इथे मॉडेल म्हणजे साडी नेसलेली बाई नव्हे, फोटोतला कपडा ओळखून देणारा एआय प्रोग्राम. उदाहरणासाठी सगळीकडे एकच फोटो धरला आहे: ४००० × ६००० पिक्सेलचा उभा फोटो, मोरपंखी नऊवारी, लाल काठ, चोळीही मोरपंखीच, एक हात कमरेवर आणि पदराला रेशमी गोंडे. दुकानदाराला हीच साडी जांभळ्या रंगात दाखवायची आहे, काठ मात्र लालच राहायला हवा. (जांभळी साडी गोदामात खरोखर होती, फक्त तिचं शूट राहून गेलं होतं. नसलेला रंग दाखवायचं काम आम्ही घेत नाही.)

१. मास्क म्हणजे नेमकं काय? कटआउट आणि मास्क एकच का?

नाही. मास्क म्हणजे फोटोच्याच मापाचं एक काळं-पांढरं चित्र. जिथे कपडा आहे तिथे पांढरं, जिथे नाही तिथे काळं. कटआउट हा त्या मास्कचा एक उपयोग झाला. तोच मास्क वापरून रंग बदलता येतो, फक्त कपड्याचा उजेड वाढवता येतो, मागची भिंत बदलता येते. मूळ फोटोला हात लागत नाही, त्यामुळे चूक झाली तर मास्कच सुधारायचा.

मास्कमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या मधला करडा रंगही असतो. करडा म्हणजे ‘हा पिक्सेल अर्धा कपडा, अर्धी भिंत’. कडेचा सगळा खेळ त्या करड्यात आहे (प्रश्न ८).

२. कोणतं मॉडेल घ्यायचं?

दोन जातीची मॉडेल्स आहेत, आणि आम्ही दोन्ही एकापाठोपाठ वापरतो.

पहिल्या जातीला कपड्यांची नावं कळतात. एटीआर या डेटासेटवर शिकवलेला सेगफॉर्मर घ्या. तो प्रत्येक पिक्सेलला १८ पैकी एक नाव देतो: `Upper-clothes`, `Skirt`, `Pants`, `Dress`, `Scarf`, शिवाय केस, चेहरा, डावा हात, उजवा हात वगैरे. त्याला काही सांगावं लागत नाही. फोटो दिला की उत्तर येतं, म्हणून ढिगाने फोटो असतील तेव्हा सुरुवात इथून करायची.

दुसऱ्या जातीला नावं कळत नाहीत, पण आकार चांगला कळतो. मेटाने २०२३ मध्ये दिलेलं सेगमेंट एनीथिंग, म्हणजे सॅम, हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं. त्याला तुम्ही एक चौकट किंवा काही ठिपके द्यायचे: ‘हा ठिपका हवा’ (१), ‘हा नको’ (०). एकाच ठिपक्यावर विचारलं तर ते तीन मास्क देऊ शकतं, कारण साडीवर बोट ठेवणाऱ्याला नुसता काठ हवा, साडी हवी की अख्खी बाई हवी हे एका ठिपक्यावरून ठरत नाही.

आम्ही पहिल्याकडून अंदाज घेतो, त्या अंदाजावरून चौकट आणि ठिपके काढतो आणि ते दुसऱ्याला देतो.

३. साडीवर मॉडेल इतकं का गोंधळतं? कुर्ता-जीन्स तर पटकन निघते.

वरची नावं पुन्हा वाचा. त्यात साडी नाहीच. मॉडेलला जी नावं शिकवली, त्यांतच त्याला साडी बसवावी लागते. आमच्या नमुन्याच्या फोटोत पदराचा खांद्यावरचा भाग `Scarf` झाला, चोळी `Upper-clothes`, कमरेखालच्या निऱ्या `Skirt` आणि काष्ट्यामुळे दोन पाय वेगळे दिसत होते तो भाग चक्क `Pants`. त्यावर हसू आलं, पण मॉडेलच्या जागी बसून पाहिलं तर उत्तर चुकीचं म्हणता येत नाही.

उपाय सोपा आहे. कपड्याची सगळी नावं एकत्र करायची. `Upper-clothes`, `Skirt`, `Pants`, `Dress`, `Scarf` यांची बेरीज म्हणजे आपला कच्चा मास्क. पट्टा घातला असेल तर `Belt` बेरजेत घ्यायचा की नाही ते आधी ठरवा.

बेरजेने चोळीही आत येते. आपल्या कामात चोळीचाही रंग बदलायचा होता, म्हणून बिघडलं नाही. साडी बदलायची आणि चोळी तशीच ठेवायची असेल, आणि दोन्ही एकाच रंगाच्या असतील, तर कोणत्याही मॉडेलवर विसंबू नका. चोळी आणि पदर जिथे भेटतात ती रेघ हाताने पेन टूलने काढा. दहा मिनिटांचं काम आहे. ठिपके टाकत बसलात तर अर्धा तास जातो.

४. मास्क दुरून छान दिसतो. झूम केला की कड लाटेसारखी किंवा मेणासारखी वितळलेली का दिसते?

कारण मॉडेलने तुमचा फोटो पूर्ण मापात पाहिलेलाच नसतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या अर्ध्या चुका आपोआप समजतात.

सेगफॉर्मरची नेहमीची मांडणी फोटो ५१२ × ५१२ वर आणते, आणि उत्तर देते १२८ × १२८ चौकोनांच्या जाळीवर. आपला फोटो ६००० पिक्सेल उंच. ६००० भागिले १२८, म्हणजे एक चौकोन जवळपास ४७ पिक्सेल उंच. सॅम लांब बाजू १०२४ वर आणतं आणि त्याचा मूळ मास्क २५६ × २५६ चा असतो, म्हणजे एक चौकोन साधारण २३ पिक्सेल. मग ते उत्तर ताणून फोटोएवढं केलं जातं. ताणताना मधल्या किमती भरल्या जातात, म्हणून सरळ खांद्याची रेघ बरीच नेमकी येते. पण निऱ्यांचं टोक, काठाचा कोपरा, बोटांमधली फट, म्हणजे चौकोनापेक्षा लहान जे काही असेल ते, वितळतं.

यावर उपाय म्हणजे फोटो कापून देणे. पदराच्या टोकाभोवतीचा १००० × १००० चा तुकडा वेगळा करून सॅमला दिला, तर एक चौकोन सुमारे ४ पिक्सेलचा होतो. तीच कड, तेच मॉडेल, पण पाचपट-सहापट बारीक. नमुन्याच्या फोटोत आम्ही असे सात तुकडे घेतले: पदराचं टोक, कमरेवरचा हात, गळा, काष्ट्याच्या दोन्ही बाजू आणि पावलांजवळच्या निऱ्या दोन तुकड्यांत. पाठीच्या सरळ रेघेला तुकडा लागला नाही.

फार लहान तुकडा मात्र घेऊ नका. नुसतं कापड दिसलं आणि भोवतालचं काहीच दिसलं नाही, तर मॉडेलला हे काय आहे ते कळत नाही आणि ते नक्षीतल्या मोरालाच वस्तू समजून बसतं. तुकड्यात कपडा आणि भिंत दोन्ही दिसायला हवेत.

५. मॉडेलने ०.९८ स्कोअर दिला. मग तपासायचं कशाला?

सॅम जो आकडा देतं तो त्याने स्वतःच स्वतःच्या मास्कबद्दल केलेला अंदाज असतो. विद्यार्थ्याने पेपर देऊन आल्यावर सांगितलेले मार्क समजा.

आणि मार्क खरे असले तरी ते कडेचे नसतात. हा आकडा दोन आकार किती क्षेत्रात जुळतात ते सांगतो. हिशोब करून पाहू. साडीचा आकार साधारण १५०० × ४००० पिक्सेलचा आयत धरा. क्षेत्र ६० लाख पिक्सेल, परीघ ११ हजार. मास्क चारी बाजूंनी ६ पिक्सेल बाहेर गेला, तर जादा पिक्सेल झाले सुमारे ६६ हजार. म्हणजे १ टक्क्याच्या जरा वर, आणि आकडा येतो ०.९८९. आता कमरेवर ठेवलेल्या हाताच्या आतला त्रिकोण घ्या, ३०० रुंद, ४०० उंच. तो अख्खा चुकून पांढरा राहिला तर ६० हजार पिक्सेल. आकडा पुन्हा ०.९९.

पहिल्या मास्कने साडीभोवती भिंतीची पट्टी जांभळी होईल, दुसऱ्याने कमरेशेजारची भिंत जांभळी होईल. दोन्ही फोटो परत येणार, आणि दोन्हींचा आकडा उत्तम. म्हणून आम्ही स्कोअर फक्त तीन मास्कमधला एक निवडायला वापरतो.

६. कड तपासायची कशी? डोळ्यांना काही कळत नाही.

मास्क नुसता काळा-पांढरा बघून काहीच कळत नाही, ते बरोबर आहे. तो फोटोवर ठेवावा लागतो. आम्ही तीन गोष्टी करतो, याच क्रमाने.

आधी मास्कची बाह्यरेषा मूळ फोटोवर एक पिक्सेल जाडीने काढतो. रंग असा घ्यायचा जो कपड्यात नाही. मोरपंखीवर हिरवी रेघ काढलीत तर शोधत बसाल, म्हणून इथे गुलाबी.

```python
import cv2
photo = cv2.imread("saree.jpg")
mask = cv2.imread("mask.png", 0)
b = (mask > 127).astype("uint8")
c, _ = cv2.findContours(b, cv2.RETR_CCOMP, cv2.CHAIN_APPROX_NONE)
cv2.drawContours(photo, c, -1, (255, 0, 255), 1)
cv2.imwrite("check.png", photo)
```

`RETR_CCOMP` मुद्दाम घेतलं आहे. `RETR_EXTERNAL` घेतलंत तर आतल्या भोकांची रेघ येत नाही, आणि हाताच्या आतला त्रिकोण तपासायचाच राहतो. हा फोटो १०० टक्के झूमवर ठेवा आणि गळ्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने रेघेवरून पूर्ण फिरा. इकडे-तिकडे उड्या मारत पाहिलं की एक बाजू हमखास सुटते.

दुसरी गोष्ट: कापलेली साडी एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या पाटीवर ठेवून पाहा. कडेसोबत चुकून आत आलेली उजळ भिंत काळ्यावर दिसते, तशीच आत आलेली सावली पांढऱ्यावर. एकाच पाटीवर तपासलेला मास्क अर्धाच तपासलेला असतो.

तिसरी आमच्या कामाची खास. कपड्याचा रंग उलटा, अगदी भडक करून टाका, मोरपंखीचा भगवा. जिथे बोटावर, बांगडीवर किंवा केसांवर भगवा सांडला, तिथे मास्क बाहेर गेला. जिथे मोरपंखी शिल्लक राहिला, तिथे आत राहिला. नमुन्याच्या फोटोत याच चाचणीत कळलं की हिरव्या काचेच्या तीन बांगड्या मॉडेलने साडीत धरल्या आहेत. बाह्यरेषेत ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

७. चुका सापडल्या. आता थेट ब्रश घेऊन रंगवू का?

ब्रश सगळ्यात शेवटी. मोठी चूक ब्रशने सुधारत बसलात आणि मग मॉडेल पुन्हा चालवावं लागलं, तर सगळी मेहनत पुसली जाते.

आधी ठिपक्यांनी सुधारणाऱ्या चुका घ्या. हाताच्या आतल्या त्रिकोणात एक ‘नको’ ठिपका, बांगड्यांवर एक, मनगटावर एक. चौकट तीच ठेवायची. बहुतेक वेळा एवढ्याने मोठ्या चुका जातात. ठिपके वाढवत जाऊ नका. सात-आठनंतरही मॉडेल ऐकत नसेल तर तुकडा कापून द्या (प्रश्न ४).

मग कचरा झाडा. भिंतीवर कुठेतरी दोनशे पिक्सेलचं एकटं बेट, कपड्याच्या मध्ये जरीच्या चमकेमुळे पडलेलं भोक. बेटं आणि भोकं क्षेत्रानुसार गाळता येतात, पण भोकं सरसकट भरू नका. त्यातलंच एक हाताच्या आतलं खरं भोक असतं. आम्ही लहान भोकं आपोआप भरतो आणि मोठं प्रत्येक भोक डोळ्यांनी पाहतो.

त्यानंतर कडेचा पट्टा (प्रश्न ८). आणि मग राहिलंच तर लेअर मास्कवर ब्रश: कडक कपड्याला कडक ब्रश, एक-दोन पिक्सेलची मऊ कड. अख्ख्या मास्कला ब्लर मारून कड ‘मऊ’ करण्याची सवय सोडा. फोटोत जी कड स्पष्ट आहे ती मास्कमध्येही स्पष्ट हवी आणि फोकसबाहेर गेलेली मागची निरी मास्कमध्येही पसरट हवी. ब्लर दोघींना एकाच मापात कापतो, वर काठाचे कोपरे गोल करतो.

८. गोंडे, नेटची ओढणी, मोकळे केस. इथे काय करायचं?

इथे ‘कपडा की भिंत’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण एका पिक्सेलमध्ये दोन्ही असतात. किती टक्के कपडा, हे काढावं लागतं. त्याला मॅटिंग म्हणतात आणि त्यासाठी तीन रंगांचा नकाशा लागतो: नक्की कपडा (पांढरा), नक्की भिंत (काळा), माहीत नाही (करडा). तो आपल्या मास्कमधूनच बनतो. मास्क थोडा आत ओढायचा, थोडा बाहेर फुगवायचा, आणि मधला पट्टा करडा.

```python
_, mask = cv2.threshold(mask, 127, 255, cv2.THRESH_BINARY)
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_ELLIPSE, (25, 25))
inner = cv2.erode(mask, k)
outer = cv2.dilate(mask, k)
tri = mask * 0 + 128
tri[inner == 255] = 255
tri[outer == 0] = 0
```

२५ चा आकडा म्हणजे दोन्ही बाजूंना १२ पिक्सेल. तुकड्यांनी नीट काढलेल्या कडेला तो पुरतो. पण गोंड्यांना नाही. मॉडेल गोंड्याचा वरचा गठ्ठा धरतं आणि खालचे सुटे धागे सोडून देतं, ते धागे १२ पिक्सेलच्या पट्ट्याबाहेर लोंबत असतात. तिथे ब्रश घेऊन धाग्यांचा सगळा भाग हाताने करडा रंगवा. मग `pymatting` च्या `estimate_alpha_cf` ला फोटो आणि नकाशा ० ते १ या किमतींत द्या. २४ मेगापिक्सेलचा अख्खा फोटो दिलात तर मेमरी कमी पडू शकते, म्हणून तुकडाच द्या.

नेटच्या ओढणीत करडा पट्टा कडेपुरता नसतो, अख्खी ओढणीच करडी असते. आणि मागे अंग किंवा ड्रेस असेल तर कपड्याचा रंग आणि मागचा रंग वेगळे करणं मॅटिंगलाही नीट जमत नाही. अशा शूटला आम्ही आधीच सांगतो, ओढणी साध्या भिंतीसमोर येऊ द्या. नाहीतर रंग बदलायचं काम आम्ही घेत नाही.

९. मास्क बरोबर आहे, तरी नव्या पार्श्वभूमीवर कडेला पांढरी रेघ का येते?

कडेच्या करड्या पिक्सेलमध्ये जुन्या पांढऱ्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो. मास्क त्या पिक्सेलला अर्धा पारदर्शक करतो, पण त्यातला पांढरेपणा काढत नाही. मास्क आत ओढून ही रेघ लपवता येते, पण मग गोंड्यांचे धागे जातात. योग्य उपाय म्हणजे कडेचा शुद्ध रंग नव्याने काढणे. `pymatting` मध्ये `estimate_foreground_ml` त्यासाठीच आहे. कडक कडेच्या सुती कुर्त्याला मात्र एक पिक्सेल आत ओढणं पुरतं, उगाच पसारा करू नका.

१०. साडी जांभळी झाली, पण दंडाच्या आतल्या बाजूला अजून हिरवट झाक आहे. मास्क चुकला का?

नाही, मास्क बरोबर आहे. रेशमावरून परतलेला उजेड कातडीवर पडतो. मोरपंखी साडीशेजारचा दंड, हनुवटीखालचा गळा, कधी पांढरी फरशीसुद्धा मोरपंखी झाक घेते. मास्क वाढवून तो भाग आत घेतलात तर कातडी जांभळी होईल. हाताचा वेगळा मास्क घ्या (सेगफॉर्मर हात वेगळे देतोच) आणि त्या भागात फक्त हिरवट-निळ्या छटांचं सॅच्युरेशन उतरवा. पूर्ण शून्य करू नका, कातडी राखेसारखी दिसते.

११. काठ लाल ठेवायचा आहे. काठासाठी वेगळा मास्क मॉडेलकडूनच काढायचा का?

आम्ही प्रयत्न करून सोडून दिला. काठ लांब, अरुंद, निऱ्यांमध्ये दहा ठिकाणी तुटलेला असतो, प्रत्येक तुकड्यावर ठिपका द्यावा लागतो. त्यापेक्षा साडीच्या मास्कच्या आत साधी रंगनिवड करा. लाल आणि मोरपंखी रंगचक्रावर समोरासमोर आहेत, एका झटक्यात वेगळे होतात. ही निवड अख्ख्या फोटोवर केली असती तर ओठ, कुंकू, मेंदी सगळं आलं असतं. मास्कने ते आधीच बाहेर ठेवलं आहे.

अडते फक्त काठातली जर. ती शेजारचा रंग आरशासारखी घेते, त्यामुळे तिच्यात मोरपंखी ठिपके निघतात आणि जांभळे होतात. तेवढे ब्रशने परत आणावे लागतात. नीट लाल राहिलेला काठ आणि जांभळे ठिपके उरलेला काठ, दोन्ही ५० टक्के झूमवरसुद्धा वेगळे ओळखू येतात.

१२. मास्क कडेच्या थोडा आत असावा की बाहेर?

कटआउटला किंचित आत. रंग बदलायला नेमका कडेवर. कपडा पुसून त्या जागी दुसरा भरायचा असेल, तर चांगला बाहेर, कारण जुन्या कपड्याची एक रेघ जरी उरली तरी भरणारं मॉडेल ती धरून तोच कपडा पुन्हा वाढवतं. म्हणून एकाच फोटोचा ‘एक अंतिम मास्क’ जपून ठेवू नका. नेमका मास्क जपा आणि आत-बाहेर कामाच्या वेळी करा.

१३. मास्क फोटोवर आडवा बसतोय, किंवा माप उलटं येतंय.

मोबाइल आणि काही कॅमेरे उभा फोटो आडवाच साठवतात आणि सोबत ‘फिरवून दाखवा’ अशी एक्झिफ नोंद ठेवतात. `cv2.imread` ती नोंद नेहमीच्या मांडणीत पाळतं, पिलो आपणहून पाळत नाही. एक पायरी एकात आणि दुसरी दुसऱ्यात केली की हा घोटाळा होतो. पिलोने फोटो उघडताना `ImageOps.exif_transpose(img)` लावा.

त्याच कुळातली दुसरी चूक: `cv2` रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं, सॅमला नेहमीच्या मांडणीत लाल-हिरवा-निळा लागतो. क्रम उलटा गेला तरी मास्क येतो, फक्त कधीकधी विनाकारण वाईट येतो. म्हणून ही चूक महिनोन्महिने सापडत नाही.

१४. मास्क जेपीजीमध्ये ठेवला तर चालतो का?

नाही. जेपीजी कडेभोवती बारीक ठिपक्यांचा धुरळा उडवतो आणि पांढऱ्या २५५ चे २५१, २५३ होतात. प्रश्न ८ मधली `cv2.threshold` ची ओळ गाळलीत तर `inner == 255` ही ओळ मग अर्धवट चालते. पीएनजी, ८ बिट, करडा.

१५. काळा कुर्ता, काळ्या पडद्यासमोर. मॉडेलला काही दिसतच नाही.

फोटोची एक प्रत काढा आणि सावल्या भरपूर उजळा, रंग विचित्र दिसले तरी चालतील. मॉडेलला ती प्रत द्या. पिक्सेल जागचे हललेले नसतात, म्हणून तिच्यावरून निघालेला मास्क मूळ फोटोवर तंतोतंत बसतो. तपासणीची बाह्यरेषाही उजळलेल्या प्रतीवरच काढा. मूळ काळ्या फोटोवर तुम्हालाही मॉडेलइतकंच कमी दिसणार.

उजळूनही बाही आणि पडदा एकच दिसत असतील, तर ती कड फोटोत नाहीच. तिथे आम्ही दुसऱ्या बाजूची बाही पाहून पेनने अंदाजाने रेघ काढतो, आणि दुकानदाराला तसं कळवतो.